एमामेक्टिनच्या पिशवीवरचा तक्ता मामांसाठी लिहायचा आहे: पंपाला नक्की किती ग्रॅम?

अनुस्वार

मामांनी भेंडीसाठी एमामेक्टिन बेन्झोएट ५% एसजी आणलंय. आत घडी घातलेलं पत्रक आहे. त्यात मराठीही आहे, पण अक्षर मुंगीएवढं आणि भाषा अशी की मामा दोन ओळींनंतर म्हणाले, "तूच वाच आणि मला एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दे. पंप भरताना समोर टांगतो." मी अनुवादाचं काम करते, पण शेतीतलं मला काही कळत नाही, म्हणून इथे विचारते आहे.

तक्त्यात भेंडीच्या ओळीत असं आहे:

शेंडे व फळे पोखरणारी अळी. मात्रा प्रति हेक्टर: सक्रिय घटक ६.७५ ते ८.५ ग्रॅम, फॉर्म्युलेशन १३५ ते १७० ग्रॅम, पाण्यात विरलीकरण ५०० लिटर. प्रतीक्षा कालावधी ५ दिवस.

मामांचा पंप पाठीवरचा, १५ लिटरचा, बॅटरीवर चालणारा. भेंडी २० गुंठे. हेक्टर हा शब्द ते फक्त सातबाऱ्यावर बघतात.

अडलंय ते असं. मात्रेचे दोन आकडे आहेत, त्यातला मोजायचा कोणता? त्यावरून पंपाला किती? 'प्रतीक्षा' कशाची? मामांनी त्याचा अर्थ "पुढची फवारणी ५ दिवसांनी" असा घेतलाय. आणि शेवटी "योग्य संरक्षक कपडे वापरा, वाऱ्याच्या दिशेने फवारा, विषबाधा झाल्यास घशात बोट घालून उलटी करवा" अशी वाक्यं आहेत. ती जशीच्या तशी उतरवू का?

---

काळीभोर

ताई, एवढा हिशोब कोण करतो? १५ लिटरच्या पंपाला १० ग्रॅम टाका आणि मोकळे व्हा. आम्ही तेच करतो, अळी मरते. आणि मामांचा बॅटरी पंप आहे ना? मग त्याला तिप्पट लागतं. पॉवर पंपाला औषध तिप्पट, हे तर कृषी विभागाच्या घडीपत्रिकेतही असतं.

---

नोझल

काळीभोर, तिप्पटवाली गोष्ट खरी आहे, पण ती दुसऱ्या पंपाची आहे. तिच्याकडे नंतर येतो, कारण तिथेच सगळ्यात मोठा घोळ होतो.

अनुस्वार, आधी दोन आकडे. मोजायचा तो फॉर्म्युलेशनचा, म्हणजे पिशवीतून जे दाणे बाहेर पडतात त्यांचं वजन. 'सक्रिय घटक' म्हणजे त्या दाण्यांत खरं कीटकनाशक किती, बाकीचा नुसता वाहक. हे ताडून बघता येतं. पिशवीवर ५% लिहिलंय, तर १७० चे ५ टक्के किती? ८.५. आणि १३५ चे? ६.७५. दोन्ही जुळले, म्हणजे रकाने बरोबर वाचले. कुठल्याही तक्त्यात शंका आली की एवढा गुणाकार करायचा. मामांच्या कागदावर मात्र सक्रिय घटकाचा आकडा लिहूच नका. दोन आकडे दिसले की घाईत कुणीतरी चुकीचा उचलतो. ८.५ ग्रॅम हेक्टरला टाकले तर अळी ढिम्म हलणार नाही आणि दोष औषधाला.

आता गुंठे. तुमचं काम सोपं आहे, कारण हेक्टर म्हणजे जवळजवळ १०० गुंठे, फरक टक्का-सव्वा टक्क्याचा. म्हणून तक्त्यातला प्रत्येक आकडा शंभराने भागा. पाणी गुंठ्याला ५ लिटर, औषध गुंठ्याला १.३५ ते १.७ ग्रॅम. १५ लिटरचा पंप ३ गुंठे पुरायला हवा आणि त्यात ४ ते ५ ग्रॅम औषध पडायला हवं. काळीभोर, तुमचे १० ग्रॅम म्हणजे लेबलच्या वरच्या टोकाच्याही दुप्पट झाले.

---

काळीभोर

दुप्पट असेल, पण पीक जळालं नाही कधी.

---

नोझल

पीक जळणार नाही, मान्य. पण ५ दिवसांत भेंडीवर किती अंश उरतो हा आकडा लेबलच्या मात्रेवर बसवलेला असतो. मात्रा दुप्पट केलीत की ते ५ दिवस तुमचे राहिले नाहीत. शिवाय तुम्ही हात बुडवता ते पाणीही तेवढंच कडक.

---

बागेतली

माझ्याकडे गच्चीवर कुंड्या आहेत आणि १९:१९:१९ चं पाकीट आहे. त्यावर "५ ग्रॅम प्रति लिटर" लिहिलंय. वरच्या हिशोबाने ते पंपाला ५ ग्रॅम होतं का? मी आत्तापर्यंत लिटरला ५ टाकत होते. आता भीती वाटायला लागली.

---

नोझल

नाही हो, तुमचं पाकीट वेगळं बोलतंय. "प्रति लिटर" लिहिलं असेल तर लिटरलाच. १५ लिटरला ७५ ग्रॅम होतील. ते खत आहे, त्याची मात्रा ग्रॅममध्ये मोठीच असते. फक्त ते पानांवर फवारायचं की मुळाशी द्यायचं हे पाकिटावर बघा, दोन्हीचे आकडे वेगळे असतात आणि बहुतेक एकाखाली एक छापलेले असतात. वरचा सगळा हिशोब "प्रति हेक्टर" लिहिलेल्या लेबलचा आहे.

---

अनुस्वार

शंभराने भागायचं हे फारच सोयीचं आहे. मी हेक्टरचे २.४७ एकर करत बसले होते.

पण ३ गुंठ्यांना १५ लिटर 'पुरायला हवा' म्हणजे? पुरला नाही किंवा उरला तर?

---

नोझल

तेच बघायचंय. औषध न घालता, नुसत्या पाण्याने. मामांना म्हणावं पंप १५ लिटर भरा, नेहमीच्या चालीने, नेहमीच्या नोझलने भेंडीच्या ओळी फवारत जा आणि पाणी संपेल तिथे खूण करा. मग तेवढी जागा मोजा. एक गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट. ३ गुंठ्यांच्या आसपास आली तर प्रश्न मिटला.

हे जमिनीवर किंवा रस्त्यावर करू नका. पिकातच करा, कारण झाडाला वळसा घालताना माणूस हळू होतो.

---

शुद्धमती

अवांतर आहे, पण राहवत नाही. 'फॉर्म्युलेशन' ऐवजी 'संरूपण' आणि 'पंप' ऐवजी 'फवारणीयंत्र' लिहावं. अनुवादकानेच इंग्रजी शब्द ठेवले तर मराठी टिकणार कशी?

---

काळीभोर

संरूपण लिहिलंत तर मामा ते औषधाचं नाव समजतील आणि दुकानात जाऊन मागतील.

---

अनुस्वार

शुद्धमती, तुमचा मुद्दा लेखात मान्य करेन. हा कागद पंपाशेजारी टांगायचा आहे. मामा 'पंप', 'औषध', 'तोडा' म्हणतात, तर कागदही तेच म्हणेल.

---

कंपाउंडर

मी डॉक्टर आहे, नाव जुनं आहे म्हणून राहू दिलंय. शेतीवर बोलणार नाही, शेवटच्या वाक्यावर बोलतो.

"घशात बोट घालून उलटी करवा" हे काही पत्रकांत अजून छापलेलं असतं. आम्ही तसं करायला सांगत नाही. अर्धवट शुद्धीतल्या माणसाला उलटी झाली की ती श्वासनलिकेत जाऊ शकते, आणि द्रवरूप औषधांत विरघळवायला जी रॉकेलसारखी द्रावणं वापरतात ती फुप्फुसात गेली तर विषापेक्षा तीच नडतात. दूध, तूप, मिठाचं पाणी यांतलंही काही नको.

घरच्यांनी करायचं ते एवढंच. माणसाला फवारलेल्या जागेतून बाहेर आणा, भिजलेले कपडे काढा, साबण आणि भरपूर पाण्याने अंग धुवा. डोळ्यांत गेलं असेल तर वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धरा. बेशुद्ध असेल तर कुशीवर ठेवा. आणि औषधाची पिशवी सोबत घेऊन निघा.

पिशवी का, ते सांगतो. आमच्याकडे माणूस येतो तेव्हा नातेवाईक म्हणतात "फवारणीचं औषध". फार तर कंपनीने ठेवलेलं नाव सांगतात. त्यावरून काही कळत नाही. ऑरगॅनोफॉस्फेट असेल तर बाहुल्या बारीक, लाळ, घाम आणि त्यावर ॲट्रोपिन. एमामेक्टिनचं तसं नाही. ग्लानी येते, बाहुल्या मोठ्या होऊ शकतात, आणि त्यावर नेमका उतारा असा नाही, लक्षणं बघून सांभाळावं लागतं. शिवाय काही झोपेची आणि झटक्यांची औषधं त्यात टाळावी लागतात. म्हणून मूळ घटकाचं नाव कागदावर मोठ्या अक्षरात, मराठी आणि इंग्रजी दोन्ही लिपींत लिहा. ते मामांसाठी नाही, आमच्यासाठी आहे.

---

अनुस्वार

डॉक्टर, हे अगदी पटलं. पण माझी अडचण वेगळी आहे. मूळ मजकुरात आहे ते अनुवादकाने गाळायचं? आमच्या धंद्यात तो गुन्हाच.

---

कंपाउंडर

लेबलचा अनुवाद कंपनीसाठी करत असाल तर गाळू नका, त्यांना कळवा आणि त्यांच्याकडून दुरुस्त करून घ्या. मामांचा कागद हे लेबल नाही. तिथे "पिशवी घेऊन लगेच दवाखान्यात" एवढंच लिहिलंत तर काही बिघडत नाही.

---

शुद्धमती

बिघडतं. लेबलवर जे आहे त्याच्याविरुद्ध कुणी कागदावर लिहिलं आणि पुढे काही झालं तर जबाबदारी कुणाची? एक वाक्य गाळणं आज योग्य असेल, उद्या कुणीतरी आपल्या अकलेने दुसरं गाळेल.

---

अनुस्वार

दोन्ही बाजू कळतात. मी सध्या ते वाक्य लिहीत नाही. मूळ पत्रक प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्याच खिळ्याला टांगणार आहे, म्हणजे काही लपवलं असं होणार नाही.

दुसरं, पाण्याची चाचणी झाली. मामांचे १५ लिटर ४ गुंठ्यांना पुरले. आता?

---

काळीभोर

बघा! म्हणजे औषध वाढवावंच लागणार.

---

नोझल

कागदावर हिशोब तसाच येतो, हे कबूल. ४ गुंठ्यांना औषध लागतं ५.४ ते ६.८ ग्रॅम, आणि ते जाणार एकाच पंपातून. तेव्हा पंपाला तेवढं घातलं तर जमिनीला मात्रा बरोबर पडेल. कारण लेबल पाण्याशी नाही, जमिनीशी हिशोब करतं.

पण मी आधी मामांची चाल बघेन. लेबलने ५०० लिटर पाणीही सांगितलंय, तो काही शोभेचा आकडा नाही. ही अळी शेंड्यात आणि फळात शिरते. शिरायच्या आधी पानावर, कळीवर, फळाच्या देठाशी तिला औषध खायला मिळालं पाहिजे. एमामेक्टिन पानाच्या आत थोडं उतरतं, वरून मारलेलं खालच्या बाजूपर्यंत पोचतं, पण झाडभर फिरत नाही. जिथे थेंब पडला नाही तिथे औषध नाही. ४ गुंठे उरकतायत याचा अर्थ एक तर चाल जास्त आहे किंवा ते ओळीच्या एकाच बाजूने फवारतायत. दोन्ही बाजूंनी घ्या म्हणावं.

आणि आता ती तिप्पट. ज्या पंपाला तिप्पट सांगतात तो पेट्रोलचा, पाठीवरचा, हवेच्या झोताने थेंब अगदी बारीक करून फेकणारा. त्याला एकरी २०० लिटरच्या जागी साधारण त्याच्या एक तृतीयांश पाणी लागतं. पाणी तिसरा हिस्सा, म्हणून प्रत्येक पंपात औषध तिप्पट, म्हणजे एकरी औषध होतं तेवढंच. बॅटरी पंपात हाताने दांडा मारायच्या ऐवजी मोटर आहे, एवढाच फरक. नोझल तेच, थेंब तसाच, पाणी तेवढंच. त्यात तिप्पट घातलं की जमिनीलाही तिप्पटच पडलं. घडीपत्रिकेत 'पॉवर पंप' लिहितात आणि बॅटरीवर चालतो म्हणून लोक आपल्या पंपाला पॉवर पंप समजतात.

---

काळीभोर

हे मात्र मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. दुकानदारानेही "पॉवर आहे का साधा" एवढंच विचारलं होतं.

पण एक माझंही ऐका. भेंडी गुडघ्याएवढी असताना एकरी २०० लिटर मारून बघा. निम्मं पाणी मातीत जातं. तुमचं लेबल लावणारा त्या वेळी शेतात नव्हता.

---

नोझल

हा आक्षेप रास्त आहे. पानावरून ओघळून खाली टपकायला लागलं की त्यापुढचं वाया. लहान पिकाला कमी पाणी पुरतं आणि बरेच जण तेव्हा पंपाला तेवढंच औषध घालून कमी पंप मारतात, म्हणजे जमिनीला मात्रा कमी पडते. ती पुरते का? पान थोडं असताना पुरत असावी असं म्हणणारे आहेत, आणि मात्रा कमी पडली की अळी सवयीची होते असं म्हणणारेही आहेत. माझा नियम एवढाच की गुंठ्याला १.७ ग्रॅम ही वरची रेघ, ती कुठल्याच कारणाने ओलांडायची नाही. खाली किती जायचं यावर मी भांडणार नाही.

---

अनुस्वार

मामांनी दोन्ही बाजूंनी फवारून पुन्हा पाणी मारलं. आता १५ लिटर ३ गुंठ्यांना जेमतेम पुरतात, म्हणजे जमलं.

पंपाला ५ ग्रॅम लिहिते. पण मोजायचं कसं? मामा बाटलीच्या टोपणाने मोजतात.

---

नोझल

टोपण मिलिलिटर दाखवतं, दाण्यांचं वजन नाही. एक टोपण दाणे एका कंपनीचे हलके, दुसऱ्याचे जड. द्रव औषधाला टोपण चालेल, तेही त्याच बाटलीचं असेल तर. दाण्याला छोटा इलेक्ट्रॉनिक काटा घ्या आणि तो औषधाच्या पेटीतच ठेवा. स्वयंपाकघरातला आणायचा नाही, एकदा आणला तर परत न्यायचा नाही.

तरी उघड्यावर वाऱ्यात ५ ग्रॅम मोजणं कटकटीचं आहे. त्यापेक्षा चार पंपांचं एकदम करा. २० ग्रॅम मोजा, बादलीत थोड्या पाण्यात ढवळून विरघळवा, मग पाणी घालून बरोबर २ लिटर करा. प्रत्येक पंपाला त्यातलं अर्धा लिटर. घ्यायच्या आधी दर वेळी ढवळायचं. पंपात आधी निम्मं पाणी, मग हे अर्धा लिटर, मग उरलेलं पाणी खुणेपर्यंत. आधी औषध टाकून वरून पाणी सोडलं तर फेस येतो, तो पाठीवर सांडतो आणि खूण दिसत नाही.

बादलीतलं त्याच दिवशी संपवायचं. पाण्याच्या बाटलीत भरून उद्यासाठी ठेवायचं नाही. हे वाक्य कागदावर लाल शाईने लिहा, कारण अशा बाटलीतून कुणीतरी पाणी म्हणून पितं.

---

बागेतली

मग मी माझं १९:१९:१९ आणि हे औषध एकाच पंपात घालू शकते का? दोनदा फवारायचा कंटाळा येतो.

---

नोझल

तुमच्या कुंड्यांवर अळी आहे का, हे आधी बघा. नसेल तर औषध कशाला?

एकत्र करण्याबद्दल लेबल गप्प असेल तर मी 'हो' म्हणणार नाही. बरणीत थोडं थोडं एकत्र करून अर्धा तास ठेवतात. साका बसला, फुटलं, गरम झालं तर नकोच. पण काही झालं नाही तरी एवढंच कळतं की पंप चोंदणार नाही. पानावर काय होईल हे बरणी सांगत नाही. स्टिकर, टॉनिक, खत, दोन औषधं असं सगळं एकत्र ढवळून मारतात आणि मग पानं का करपली हे कुणालाच शोधता येत नाही.

---

अनुस्वार

आता 'प्रतीक्षा' राहिली. ती शेवटची फवारणी आणि तोडा यांच्यातली आहे असं मी समजते. पण भेंडीचा तोडा तर एक दिवसाआड असतो! मामा म्हणाले, ५ दिवस तोडा थांबवला तर भेंडी बोटाएवढी जाड आणि दोरखंडासारखी होईल.

---

काळीभोर

म्हणूनच कुणी पाळत नाही. धुतली की जातं सगळं.

---

नोझल

पृष्ठावरचं काही जातं. आत उतरलेलं धुऊन जात नाही, वर सांगितलंच की हे पानात शिरतं.

भेंडीत हे अवघड आहे, नाही म्हणत नाही. पाळायचं असेल तर असं: सकाळी तोडा पूर्ण करा, काढण्याजोगी एकही भेंडी ठेवू नका. त्याच संध्याकाळी फवारा. संध्याकाळ अशासाठी की उन्हाने हे औषध लवकर निष्प्रभ होतं, आणि मधमाश्या तोवर गेलेल्या असतात. हे त्यांना फार घातक आहे. पुढचे ५ दिवस विक्री बंद. त्या काळात वाढलेल्या भेंड्या तोडून टाका, नाहीतर झाड बियांकडे वळतं. टाकलेल्या भेंड्या जनावरांनाही घालायच्या नाहीत. दोन तोडे बुडतात. म्हणूनच फवारणी सरसकट ठरावीक वाराला न करता, किडकी फळं आणि मान टाकलेले शेंडे मोजून करायची.

---

अनुस्वार

दोन तोडे बुडणार हे मामांना सांगायला मला नको वाटतंय, पण लिहिते.

हा माझा कागद. चुकलं असेल तर सांगा.

"औषध: एमामेक्टिन बेन्झोएट ५% एसजी (हे नाव खाली इंग्रजीतही). भेंडीवरच्या अळीसाठी.

१५ लिटरच्या पंपाला ५ ग्रॅम. एक पंप ३ गुंठे. त्याहून जास्त टाकायचं नाही, पंप बॅटरीचा असला तरी नाही.

चार पंपांचं एकदम: २० ग्रॅम काट्यावर मोजून २ लिटर पाण्यात. दर पंपाला ढवळून अर्धा लिटर. उरलं तर बाटलीत भरायचं नाही.

मोजताना आणि कालवताना रबरी हातमोजे, चष्मा, तोंडावर मास्क. फवारताना पूर्ण बाह्यांचा सदरा, पूर्ण पँट, गमबूट. पँट बुटाच्या बाहेर.

वारा आडवा घ्यायचा. फवारा वारा जातो त्या बाजूला. आपण न फवारलेल्या बाजूला सरकत जायचं.

नोझल चोंदलं तर तोंडाने फुंकायचं नाही. तंबाखू, बिडी, पाणी हे सगळं हात-तोंड साबणाने धुतल्यावर.

फवारल्यावर ५ दिवस भेंडी विकायची नाही, खायची नाही.

डोकं जड वाटलं, मळमळलं, डोळ्यांपुढे अंधारी आली तर फवारणी थांबवा, कपडे बदला, अंग धुवा, ही पिशवी घेऊन दवाखान्यात."

वाऱ्याचं वाक्य मी बदललं, कारण "वाऱ्याच्या दिशेने" वाचून मामा ज्या दिशेने वारा येतो तिकडे तोंड करून उभे राहिले.

---

नोझल

वारा आडवा, हे उत्तम. बरेच जण "वारा पाठीवर घ्या" लिहितात आणि मग माणूस पुढे चालत स्वतःच्याच ओल्या ओळीतून जातो. मांड्यांपर्यंत भिजतो.

एक वाढवा. हातमोजे काढायच्या आधी हातात असतानाच साबणाने धुवायचे. आणि शर्टाची बाही मोज्याच्या बाहेर ठेवायची की आत? हात खाली करून फवारत असतील तर बाही बाहेर, म्हणजे ओघळ मोज्यात शिरत नाही. झाड उंच झालं आणि हात वर करून फवारायची वेळ आली तर उलट.

रिकाम्या पिशवीत थोडं पाणी घालून तीनदा खंगाळा आणि ते पाणी पंपातच ओता. मग पिशवी कापून टाका. दवाखान्यासाठी ठेवायची असेल तर फवारणी संपेपर्यंत कापू नका.

---

कंपाउंडर

"डोकं जड वाटलं" ठीक. पण माणूस एकटा फवारत असेल तर ग्लानी आल्यावर कागद कोण वाचणार? घरात दुसऱ्या कुणाला तरी हा कागद दाखवून ठेवा.

---

काळीभोर

माझ्या दुसऱ्या औषधाच्या बाटलीवर हिरवा त्रिकोण आहे. ते तर सेंद्रिय असतं ना? त्याला हे हातमोजे वगैरे लागत नाहीत.

---

नोझल

हिरवा म्हणजे सेंद्रिय नव्हे. तो चौकोनाच्या खालच्या अर्ध्यातला रंग विषारीपणाची पायरी सांगतो. लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. हिरव्या बाटलीवरही सावधानतेचा शब्द छापलेला असतो, बघा. आणि ती पायरी तोंडावाटे किंवा कातडीतून एकदम पोटात-अंगात गेलं तर काय होईल यावर ठरते. रोज थोडं थोडं अंगावर घेतल्याचा हिशोब त्या रंगात नाही. हातमोजे लागतातच.

---

काळीभोर

बरं. मग हिरव्याला गुंठ्याला किती, ते बाटली बघून लिहितो. त्यावर 'हेक्टरी ७५० मिली, ५०० लिटर पाणी' असं काहीसं आहे. शंभराने भागलं तर साडेसात मिली गुंठ्याला, पंपाला साडेबावीस. आम्ही ३० टाकत होतो. टोपण मात्र त्याच बाटलीचं आहे.

---

अनुस्वार

मामांनी कागद वाचला. ५ दिवसांवर बोट ठेवून म्हणाले, "आणि व्यापारी तिसऱ्या दिवशी गाडी घेऊन दारात आला तर?" याचं उत्तर माझ्याकडे नाही. कुणाकडे असेल तर लिहा.

---

नोझल

त्याला फवारायच्या आदल्या दिवशी फोन करा, याहून चांगलं मलाही सुचत नाही. किंवा २० गुंठ्यांचे दोन भाग करून आळीपाळीने फवारायचे, म्हणजे एका भागातला तोडा चालू राहतो. फक्त फवारा दुसऱ्या भागात उडता कामा नये आणि कोणती ओळ कुठल्या दिवशी मारली ते लिहून ठेवावं लागेल. मामांना जमेल का ते तुम्हीच सांगा.